प्रकल्प नोंदी: शुश्रूषेबद्दल रुग्णांचं समाधान मोजणारी प्रश्नावली

४ जुलै

विषयाला मान्यता मिळाली. आंतररुग्ण विभागातल्या प्रौढ रुग्णांना मिळालेली शुश्रूषा आणि तिच्याबद्दलचं त्यांचं समाधान. मुख्य अभ्यासासाठी शंभरेक रुग्ण, आमचा चौघींचा गट, हाताशी एक सत्र. तयार आणि तपासलेली मापनपट्टी मिळत असेल तर नवी बनवू नये, हे मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, आणि मलाही ते पटतं. पण साधन स्वतः बनवून तपासणं हाच आमच्या प्रकल्पाचा अर्धा भाग आहे, तेव्हा बनवायचंच. जुनी साधनं फक्त रचना समजून घेण्यापुरती वाचायची, त्यातली विधानं उचलायची नाहीत.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली. १९७५ मध्ये रिसर यांनी केलेल्या पट्टीत परिचारिकेचं तांत्रिक कौशल्य, समजावून सांगण्यासह एकूण संवाद, आणि विश्वास असे तीन भाग होते. पुढे १९९६ च्या न्यूकॅसल पट्टीत मात्र ‘काय अनुभव आला’ आणि ‘किती समाधानी आहात’ असे दोन वेगळे विभाग केले गेले. हे वेगळं का करावं लागलं, त्याचा अंदाज आम्हाला वॉर्डात उभं राहून आहेच. कोणत्याही रुग्णाला ‘सिस्टरांच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: हो हो, छान आहेत सगळ्या.

७ जुलै

आज फक्त हद्द आखली. डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी मांडलेली रचना, प्रक्रिया आणि निष्पत्ती ही विभागणी समोर ठेवली. वॉर्डात पंखा चालतो का, खाटा पुरेशा आहेत का, हे रचनेत येतं. रुग्ण बरा झाला का, हे निष्पत्तीत. आम्हाला प्रक्रियेतला तेवढाच भाग हवा आहे जो परिचारिकेच्या हातात असतो. त्यामुळे स्वच्छतागृह, जेवण, डॉक्टरांच्या फेऱ्या, बिल हे सगळं बाहेर. ऐकायला सोपं वाटतं, पण रुग्णाच्या मनात असे कप्पे नसतात. औषधाची बाटली फार्मसीतून उशिरा आली तरी राग सिस्टरवरच निघतो.

उरलेल्या हद्दीत चार कप्पे केले: वागणूक आणि आदर, माहिती देणं, हाकेला प्रतिसाद आणि शारीरिक मदत, औषधोपचारातली काळजी.

१२ जुलै

विधानं लिहायला बसलो. पहिल्या बैठकीत भराभर ढीग जमला, मग एकेक करून छाटणी. सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका विधानावर. मूळ रूप असं होतं:

‘परिचारिका प्रेमाने वागतात व वेळेवर औषधे देतात.’

यात दोन गोष्टी आहेत. प्रेमाने वागणारी पण औषध उशिरा देणारी सिस्टर भेटलेल्या रुग्णाने कुठे खूण करायची? म्हणून तोडलं. तोडल्यावर ‘प्रेमाने वागतात’ उरलं, आणि ते फारच गुळगुळीत निघालं. प्रेमाने म्हणजे काय घडलं? रुग्णाला दिसलेलं, ऐकू आलेलं काहीतरी हवं. शेवटी त्याचं झालं: ‘माझ्याशी बोलताना परिचारिका मला माझ्या नावाने हाक मारत होत्या.’ खाट क्रमांकाने हाक मारणं आणि नावाने हाक मारणं, यातला फरक रुग्णाला नक्की आठवतो.

दुसरा निर्णय उत्तरांच्या पर्यायांचा. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय आधी धरले होते. पण सहमती विचारली की माणसं सहमत होतात. विशेषतः अजून खाटेवर असलेली, आणि ज्यांच्याबद्दल विचारलं जातंय त्यांच्याच हातून सलाईन लावून घेणारी. म्हणून वारंवारता विचारायची ठरवली: कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. गुण १ ते ४. मधला ‘सांगता येत नाही’ हा पर्याय काढला, कारण त्यात दोन भलतीच वेगळी माणसं एकत्र येतात: ज्याला मत द्यायचं नाही तो, आणि ज्याच्यावर तो प्रसंगच आला नाही तो. दुसऱ्यासाठी ‘गरज पडली नाही’ हा वेगळा पर्याय ठेवला. तो सरसकट सगळ्या विधानांपुढे नाही, तर वेदना, शौचालयापर्यंतची मदत अशा ठिकाणीच असेल. त्याला गुण नाहीत.

पहिला मसुदा २२ विधानांचा झाला.

१५ जुलै

तज्ज्ञांना पाठवायचा तक्ता तयार केला. सहा जणी/जण: वॉर्डातल्या अनुभवी परिचारिका, शिकवणाऱ्या प्राध्यापिका, आणि मापनपट्टीचं काम केलेले संख्याशास्त्राचे एक सर. प्रत्येक विधानापुढे समर्पकतेसाठी १ ते ४ गुण, आणि शेजारी टिप्पणीची मोकळी जागा. कोणतं विधान कोणत्या कप्प्यातलं आहे हे वर लिहून दिलं, कारण व्याख्या न देता ‘समर्पक आहे का’ विचारलं तर प्रत्येक जण आपापल्या मनातल्या समाधानाशी ताडून पाहणार.

२६ जुलै

सगळे तक्ते परत आले. ३ किंवा ४ गुण देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण तज्ज्ञ, हा त्या विधानाचा आशयवैधता निर्देशांक. सहा तज्ज्ञ असताना सर्वसाधारणपणे ०.७८ ची रेघ धरतात. म्हणजे सहापैकी पाच जण हो म्हणाले तर ०.८३, विधान पास. चार जण म्हणाले तर ०.६७, नापास. मधे काहीच नाही. पाच किंवा कमी तज्ज्ञ असते तर सगळ्यांचं एकमत लागलं असतं, म्हणून सहावा माणूस शोधण्याची धडपड केली होती.

आमचं असं आलं: १२ विधानांना १.००, ७ विधानांना ०.८३, आणि ३ विधानांना ०.६७. तिघांना निरोप दिला. उरलेल्या १९ ची सरासरी ०.९४ येते. हा आकडा छान दिसतो आणि ०.९० ची नेहमीची अपेक्षा ओलांडतो. पण सरासरी ही नरम कसोटी आहे. सगळ्या सहा जणांचं एकमत असलेली विधानं मोजली तर १९ पैकी १२, म्हणजे ०.६३. अहवालात दोन्ही आकडे द्यायचे आणि कोणता कशाचा हे लिहायचं, असं मी सुचवलं. गटातल्या एकीला कमी आकडा मुद्दाम दाखवायचा कशाला, असं वाटत होतं. मॅडम माझ्या बाजूने पडल्या.

आकड्यांपेक्षा टिप्पणीचा रकाना कामाचा निघाला. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे लिहिलं होतं की मसुद्यात रात्र कुठेच नाही. खरंच की! दिवसा वॉर्डात तीन-चार सिस्टर, विद्यार्थिनी, डॉक्टर असतात. रात्री सगळा भार एक-दोघींवर असतो आणि रुग्णाला तक्रार सुचते ती तेव्हाच. दुसरी सूचना पडदा लावण्याबद्दल, म्हणजे खाजगीपणाबद्दल. दोन्ही विधानं लिहून त्याच सहा जणांकडे पुन्हा गुणांसाठी पाठवली. नंतर घातलेलं विधान तपासणीतून सुटता कामा नये.

२ ऑगस्ट

नवी दोन्ही विधानं पास. आता २१. नैतिकता समितीचा अर्जही आज गेला. संमतीपत्रात एक वाक्य ठळक केलं आहे: ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.’ फॉर्मवर नाव, नोंदणी क्रमांक, खाट क्रमांक यातलं काहीही नाही. परिचारिकांचं नावही विचारायचं नाही. वॉर्डाचं नावसुद्धा नको असं समितीकडून आधीच सुचवलं गेलं, कारण छोट्या वॉर्डात अमक्या आठवड्यात रात्रपाळीला कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त ‘शस्त्रक्रिया विभाग’ किंवा ‘औषधवैद्यक विभाग’ एवढंच नोंदवू.

१८ ऑगस्ट

परवानगी आली. आजपासून संज्ञानात्मक मुलाखती. नाव जड आहे, काम साधं आहे: रुग्णाला एकेक विधान वाचायला द्यायचं (किंवा वाचून दाखवायचं), त्याने उत्तर दिलं की विचारायचं, ‘हे उत्तर देताना तुमच्या डोक्यात काय आलं?’ आणि गप्प बसायचं. इथे गुण मोजायचे नाहीत. आपल्या वाक्यातून त्याला काय ऐकू आलं, ते मोजायचं.

पहिल्याच मुलाखतीत एका भक्कम विधानाचा निकाल लागला. ‘इंजेक्शन देताना परिचारिका निर्जंतुकीकरणाची काळजी घेत होत्या.’ सहाही तज्ज्ञांनी ४ गुण दिलेलं विधान. आजोबांनी झटकन ‘नेहमी’वर बोट ठेवलं. कशावरून, असं विचारल्यावर म्हणाले, “आता सिस्टर आहेत म्हटल्यावर घेणारच की काळजी. मी काय सुईकडे बघतो होय? मी तोंड फिरवतो.”

पुढच्या रुग्णांनीही वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. सगळ्यांचं उत्तर ‘नेहमी’, आणि एकानेही पाहिलेलं नाही. तज्ज्ञांच्या दृष्टीने हा मुद्दा शुश्रूषेचा गाभा आहे यात वाद नाही, पण त्यांना आम्ही विचारलं होतं ‘समर्पक आहे का’. रुग्णाला हे दिसू शकतं का, हे त्यांना विचारलंच नव्हतं, आणि त्याचं उत्तर ते देऊही शकले नसते. हे निरीक्षण-यादीने तपासायचं काम आहे, प्रश्नावलीचं नाही. काढून टाकलं.

२१ ऑगस्ट

आज ‘बोलावल्यावर परिचारिका लगेच येत होत्या’ या विधानाची बारी. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंनी ‘कधीकधी’ निवडलं. आम्हाला वाटलं, चला, कोणीतरी टीका केली. खोदून विचारलं तर त्यांनी स्वतः कधीच बोलावलं नव्हतं. त्यांचा मुलगा टेबलापाशी जाऊन सांगत असे, आणि येणारी व्यक्ती कधी सिस्टर, कधी विद्यार्थिनी, कधी आया असे. ‘लगेच’ म्हणजे किती वेळ, यावर त्या म्हणाल्या, “पाच मिनिटं तर लागणारच.” शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मते लगेच म्हणजे हाक मारली की उठून यायचं.

एका ओळीत तीन अडचणी. कोणी बोलावलं, कोण आलं, आणि लगेच म्हणजे काय. पहिली सोडवायला ‘मी किंवा माझ्या सोबतच्या माणसाने बोलावल्यावर’ असं लिहिलं. दुसरीसाठी प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच दोन ओळींची सूचना घातली: परिचारिका म्हणजे औषध देणाऱ्या, इंजेक्शन-सलाईन लावणाऱ्या, ताप-रक्तदाब पाहणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदर; आया, वॉर्डबॉय आणि शिकाऊ विद्यार्थी यांचा विचार इथे करू नका. तिसरीवर गटात बराच खल झाला. ‘पाच मिनिटांच्या आत’ असं लिहावं असा एक विचार होता. पण वेदनेत पडलेल्या माणसाच्या पाच मिनिटांना घड्याळ लागू पडत नाही, तो आकडा अचूक असल्याचा आव तेवढा आणतो. त्यापेक्षा रुग्णाच्या गरजेशी जोडलं: ‘मी किंवा माझ्या सोबतच्या माणसाने बोलावल्यावर, मला फार वाट पाहावी न लागता परिचारिका येत होत्या.’ हे वाक्यही निर्दोष नाही. ‘फार’ ज्याचं त्याचं वेगळं असणार. पण समाधान मोजायचं तर वाट पाहण्याचा जाच झाला का हेच हवं आहे, मिनिटं नकोत.

सुधारलेलं वाक्य पुढच्या रुग्णांसमोर ठेवलं. आता उत्तर देताना ते आपणहून प्रसंग सांगू लागले: “सलाईन संपलं होतं तेव्हा...”. विधान पोहोचल्याची ही खूण.

२५ ऑगस्ट

नवीन काही निघेनासं झालं, तशा मुलाखती थांबवल्या. आणखी तीन वाक्यांची दुरुस्ती झाली, ती सगळी शब्दांची. ‘शुश्रूषा’ हा शब्द प्रश्नावलीच्या शीर्षकातून काढून ‘सिस्टरांकडून मिळालेली सेवा आणि काळजी’ केलं. विधानं २०: १७ सगळ्यांना लागू होणारी, ३ ‘गरज पडली नाही’ या पर्यायाची. त्यांच्या आधी, सगळ्यात वर, एकच सरसकट प्रश्न: एकंदर सेवेला १ ते १० पैकी किती गुण द्याल? तो शेवटी ठेवला असता तर वरच्या वीस विधानांनी चाळवलेल्या आठवणींचा त्यावर रंग चढला असता.

३ सप्टेंबर

पूर्वचाचणी सुरू. ३० रुग्ण घ्यायचे आणि त्यांना मुख्य अभ्यासातून वगळायचं.

रुग्ण निवडायचे कसे, यावरून लगेच पेच. एका वॉर्डातल्या प्रमुख सिस्टर मदतीला आल्या आणि आपुलकीने म्हणाल्या, “चला, मी दाखवते तुम्हाला कोण नीट बोलतील ते.” हेतू चांगलाच होता, पण त्यांच्या मते ‘नीट बोलणारे’ म्हणजे कोण हे उघड आहे. आभार मानून निवडीचा नियम त्यांना दाखवला: ज्यांना आज सुट्टी मिळाल्याची नोंद झाली आहे, जे किमान दोन रात्री राहिले आहेत आणि जे बोलू शकतात, असे सगळे, यादीतल्या क्रमाने. दोन रात्रींची अट रात्रपाळीच्या विधानामुळे.

सुट्टीच्या दिवशी विचारण्यात एक फायदा आहे: रुग्ण आता सिस्टरांवर अवलंबून नसतो. तोटाही आहे. कागदपत्रांसाठी ताटकळत बसलेला माणूस वैतागलेला असतो आणि तो वैताग ज्या विधानावर पडायचा त्यावर पडतो. म्हणून सुट्टीची नोंद झाल्यावर लगेच गाठायचं, निघण्याच्या घाईत नाही.

विद्यार्थिनीच्या गणवेशात विचारलं तर रुग्ण आम्हाला ‘सिस्टरांच्यातल्या’ समजतात. म्हणून साधे कपडे घालायचे, आणि जिची ज्या वॉर्डात ड्युटी असेल तिने तिथे फॉर्म भरून घ्यायचा नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी स्वतः भरून बंद खोक्यात टाकायचा. ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवायचा, सोबतच्या माणसाला उत्तर देऊ न देता. हे शेवटचं सगळ्यात कठीण. “त्यांना काय विचारता, मी सांगतो,” असं म्हणणारा एक तरी पुतण्या प्रत्येक खाटेशी असतो.

१९ सप्टेंबर

तीस पूर्ण झाले. माहिती स्प्रेडशीटमध्ये भरली. एकीने भरली, दुसरीने मूळ फॉर्मशी ताडली.

सगळी विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा म्हणजे क्रॉनबाखचा आल्फा. सरांनी तो काढण्याआधी नुसत्या उत्तरांच्या मोजणीकडे बघायला सांगितलं, आणि तिथेच बरंच कळलं. ‘परिचारिका माझ्याशी नम्रपणे बोलत होत्या’ याला ३० पैकी २८ जणांनी ‘नेहमी’ म्हटलं. ‘औषध देण्यापूर्वी माझं नाव विचारून खात्री करत होत्या’ याला २७ जणांनी. छताला टेकलेली विधानं. ‘पण वॉर्डात खरंच सगळ्या नम्र असतील तर?’ असा प्रश्न गटात आला, आणि तो रास्त आहे. असतीलही. पण तरीही हे विधान एका रुग्णाला दुसऱ्यापासून वेगळं काढू शकत नाही, आणि एकूण गुणांत प्रत्येकाला फुकटचे चार गुण देतं. नावाने हाक मारण्याचं विधान त्याच कप्प्यात आहे आणि तिथे उत्तरं चारही पर्यायांत पसरली आहेत. तेव्हा नम्रतेचं विधान काढलं. नाव विचारून खात्री करण्याचं मात्र ठेवलं. तो सुरक्षिततेचा मुद्दा आहे. त्याची टक्केवारी स्वतंत्रपणे देऊ, एकूण गुणांत धरणार नाही.

२० सप्टेंबर

आल्फा. १७ सर्वांना लागू विधानांवर, सगळे ३० फॉर्म पूर्ण. विधानं C ते S रकान्यांत, बेरीज T मध्ये, प्रत्येक विधानाचा प्रचरण, म्हणजे त्याची उत्तरं किती पसरली आहेत ते, ३३ व्या ओळीत:

```
=(17/16)*(1-SUM(C33:S33)/VAR.S(T2:T31))
```

विधानांच्या प्रचरणांची बेरीज ८.४, एकूण गुणांचा प्रचरण ३८. म्हणजे १७/१६ गुणिले (१ − ०.२२१), उत्तर ०.८३. नेहमीची ०.७० ची रेघ पार. गट खूश.

मग प्रत्येक विधानाचा, ते विधान वगळून केलेल्या बेरजेशी सहसंबंध काढला. ०.३० च्या वर असला तर बरं. बहुतेक सगळे ०.४ ते ०.६ मध्ये. छताला टेकलेल्या दोघांचा ०.२ च्या आसपास, ते अपेक्षितच. एका विधानाचा मात्र उणे ०.१२:

‘परिचारिका घाईत असल्याने माझं बोलणं ऐकून घेत नव्हत्या.’

सगळे एकसारखे खूण करत सुटू नयेत म्हणून मुद्दाम घातलेलं हे एकमेव उलटं विधान. गुण उलटे करून मोजले होते ना, ते पहिल्यांदा तपासलं. केले होते. मग मूळ फॉर्म काढून बघितले. ज्यांनी वरपासून खालपर्यंत ‘नेहमी’वर खुणा केल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच जणांनी इथेही ‘नेहमी’च केलं होतं, म्हणजे कागदावर तेच सर्वात असमाधानी. वाचून दाखवलेल्या फॉर्मांतही तेच. ‘ऐकून घेत नव्हत्या: कधीच नाही’ हे दुहेरी नकाराचं कोडं सुट्टीच्या दिवशी, अंगात अशक्तपणा असताना सोडवायला लागतं. संज्ञानात्मक मुलाखतीत हे निसटलं, कारण तिथे माणूस एकेका विधानावर थांबतो. ओळीने वीस विधानं भरताना तो थांबत नाही.

विधान सुलट केलं: ‘मी काही सांगत असताना परिचारिका माझं बोलणं पूर्ण ऐकून घेत होत्या.’ यांत्रिकपणे खुणा करणारे यामुळे पकडता येणार नाहीत, ही किंमत मान्य. तसे फॉर्म डोळ्यांनी शोधू.

२२ सप्टेंबर

छताची दोन आणि उलटं एक अशी तीन बाजूला ठेवून १४ विधानांवर पुन्हा मोजलं. प्रचरणांची बेरीज ७.२, एकूण प्रचरण ३६.७. १४/१३ गुणिले (१ − ०.१९६), म्हणजे ०.८७. विधानं कमी होऊन आल्फा वाढला.

सरांनी यावर दोन लगाम घातले. एक: ३० जणांवरच्या ०.८७ भोवती ९५ टक्क्यांची मर्यादा अंदाजे ०.७९ ते ०.९३ पडते, आणि ज्या माहितीवरून विधानं निवडली तिच्यावरच काढलेला आल्फा थोडा फुगलेला असतो. मुख्य अभ्यासाच्या माहितीवर पुन्हा काढायचा आणि तोच प्रमुख म्हणून द्यायचा. दोन: आल्फा चांगला म्हणजे चौदा विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात, असं होत नाही. परस्परांशी संबंध असलेल्या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी आल्फा वर जातो. ते पाहायला घटक विश्लेषण लागतं, आणि ३० फॉर्मांवर ते करणं म्हणजे ढगांत आकृत्या शोधणं. तेव्हा चार कप्पे हे आमच्या विचारातले कप्पे आहेत, सिद्ध झालेले घटक नाहीत, असं अहवालात लिहायचं आणि उपपट्ट्यांचे वेगळे आल्फा मिरवायचे नाहीत.

सरसकट प्रश्नाशी एकूण गुणांचा स्पिअरमन सहसंबंध ०.५८ आला. हा आकडा मला आवडला. ०.९ आला असता तर बाकी विधानं कशाला, एकच प्रश्न पुरला असता, ०.२ आला असता तर आपण भलतंच काही मोजतोय असं म्हणावं लागलं असतं.

२४ सप्टेंबर

पुनर्चाचणीचा प्रश्न आज निकालात काढला. त्याच रुग्णाला पुन्हा विचारायचं तर कधी? त्याच संध्याकाळी विचारलं तर तो सकाळची उत्तरं आठवून देणार, आणि तोवर बहुतेक जण घरी गेलेले असणार. पंधरवड्याने घरी विचारायचं तर फोन नंबर घ्यावा लागेल, म्हणजे फॉर्म निनावी राहत नाही. शिवाय घरी गेल्यावर मत खरोखर बदलतं. जखम चिघळली तर वॉर्डातली सेवाही आठवणीत बिघडते. म्हणून केली नाही. कालांतराने उत्तरं किती स्थिर राहतात हे तपासलेलं नाही, असं मर्यादांमध्ये स्पष्ट लिहिलं.

‘गरज पडली नाही’ची तीन विधानं एकूण गुणांबाहेर ठेवली. शौचालयापर्यंतच्या मदतीला ३० पैकी १९ जणांनी ‘गरज पडली नाही’ म्हटलं. उरलेल्या ११ जणांची उत्तरं मात्र सबंध प्रश्नावलीत सर्वांत कडक आहेत. एकूण गुणांत मिसळली असती तर ती हरवली असती. त्यामुळे ज्यांना गरज पडली त्यांच्यातली टक्केवारी, आणि शेजारी त्यांची संख्या, असं देऊ.

२७ सप्टेंबर

अंतिम आवृत्ती छापायला दिली. सरसकट प्रश्न एक, गुणांची विधानं १५ (१४ आणि सुलट केलेलं एक, म्हणजे १५ ते ६० गुण), औषधाआधी खात्रीचं एक, गरजेनुसार तीन, शेवटी दोन रिकाम्या ओळी, ‘एखादा प्रसंग सांगावासा वाटत असेल तर’. अक्षरं मोठी, पर्याय प्रत्येक विधानाखाली आडवे, कारण तक्त्यात उभ्या रकान्यांतून नजर घसरून वरच्या-खालच्या ओळीत खूण पडत होती. गुणांची कोरी जागा राहिली तर: १५ पैकी किमान १२ भरलेली असतील तरच फॉर्म धरायचा, आणि भरलेल्यांची सरासरी घ्यायची. हा नियम माहिती येण्याआधी लिहून मॅडमची सही घेतली.

सुलट केलेलं विधान अजून कोणत्याही आकड्यातून गेलेलं नाही. पहिले वीसेक फॉर्म आले की त्याचा सहसंबंध आधी बघायचा आहे. सोमवारपासून शस्त्रक्रिया विभाग, त्यानंतर औषधवैद्यक.